मिरजेतला 48 टीबी स्कॅन डेटा क्लाउडवर: डिव्हाइस मागवायचं की लाइनवरून चढवायचा?

प्रश्न: सर, आमचं मिरजेत डायग्नोस्टिक सेंटर आहे. नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या स्टोरेजवर, 2014 पासूनचा सीटी-एमआरआयचा 48 टीबी डेटा आहे, रोज साधारण 40 जीबी वाढतो. सर्व्हर रूम तळमजल्यावर आहे, म्हणून येत्या पावसाळ्याआधी सगळं क्लाउडवर हवं असं डॉक्टर म्हणतात. 100 एमबीपीएसची लीज्ड लाइन आहे, जोडीला एक ब्रॉडबँड. व्हेंडर म्हणतो नेटवरून वर्ष लागेल, क्लाउड कंपनीचं डेटा वाहून नेणारं डिव्हाइस मागवा आणि कॉपी करून पाठवा. आता मार्च सुरू आहे. काय करू?

उत्तर:

डिव्हाइस मागवू नका. लीज्ड लाइन दोन महिन्यांपुरती 200 एमबीपीएस करून घ्या, डेटा आधी गठ्ठ्यांत बांधून आणि दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून, घ्या, आणि नेटवरूनच चढवा. मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात काम संपायला हरकत नाही. हे का म्हणतोय ते सांगतो, कारण असाच प्रश्न दुसऱ्याने विचारला असता तर कदाचित मी त्याला डिव्हाइसच मागवायला सांगितलं असतं.

आधी व्हेंडरचं वर्ष तपासू. 100 एमबीपीएसची लाइन चोवीस तास पूर्ण भरून चालली तर दिवसाला एक टीबीपेक्षा किंचित जास्त जातं. पण तुमची लाइन मोकळी नाही. दिवसा बाहेरच्या रेडिओलॉजिस्टला स्कॅन जातात, रिपोर्ट येतात, बिलिंग चालतं. म्हणून सकाळी आठ ते रात्री दहा या वेळेत या कामाला 30 एमबीपीएस धरा, रात्रीच्या दहा तासांत 85. दिवसाचे साधारण 190 जीबी आणि रात्रीचे 380, म्हणजे रोज 570 जीबीच्या आसपास. 48 टीबीला 84 दिवस लागतील. वर्ष नक्कीच नाही, पण आज सुरू केलं तर जून उजाडेल आणि मध्ये एकदा रस्ता खोदताना फायबर तुटली की मृगाच्या पावसात अडकाल. म्हणजे लाइन अपुरी आहे हे व्हेंडरचं म्हणणं बरोबर, त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष चूक.

वर्षाचा आकडा त्याने बहुधा ब्रॉडबँडवरून काढला असावा. घरगुती किंवा छोट्या ऑफिसच्या फायबर प्लॅनवर ‘अनलिमिटेड’ लिहिलेलं असलं तरी महिन्याला साधारण 3300 जीबीची मर्यादा असते, त्यापुढे वेग अगदी खाली येतो. 48 टीबीला तशा लाइनवर सव्वा वर्ष जाईल. त्यामुळे ब्रॉडबँड या कामाला लावू नका. त्याचा उपयोग उलटा करा: रिसेप्शन, वायफाय, सीसीटीव्ही हे सगळं दोन महिने ब्रॉडबँडवर टाका आणि लीज्ड लाइन मोकळी करा.

आता डिव्हाइसचा हिशेब. लोक तो फार ढोबळ करतात. ‘डबा आला, दोन दिवसांत भरला, परत पाठवला’ असं डोक्यात असतं. प्रत्यक्षात तो चार तुकड्यांत चालतो. ऑर्डर मंजूर होऊन डिव्हाइस तुमच्या दारात येईपर्यंत आठवडा ते दोन आठवडे धरा. मग कॉपी. मग परतीची वाहतूक. आणि डेटा सेंटरला पोचल्यावर तिथे तो तुमच्या स्टोरेज अकाउंटमध्ये उतरवला जातो, त्यालाही काही दिवस लागतात. यात तीन तुकडे तुमच्या हातात नाहीत. हातात आहे ती फक्त कॉपी, आणि तुमच्या प्रश्नाची खरी गाठ तिथेच आहे.

सीटीचा एक स्लाइस म्हणजे 512 बाय 512 पिक्सेल, प्रत्येकी दोन बाइट. म्हणजे साधारण अर्ध्या एमबीची एक फाइल. एमआरआयच्या त्याहून लहान असतात. 48 टीबीमध्ये अशा नऊ-दहा कोटी फाइल्स असतील. फिरत्या हार्ड डिस्कच्या नॅसवरून एक मोठी फाइल वाचायला सांगितली तर तो एक गिगाबिटच्या पोर्टमधून सेकंदाला 110 एमबीपर्यंत देतो. त्याच नॅसला अर्ध्या-अर्ध्या एमबीच्या कोट्यवधी फाइल्स वाचायला लावल्या की प्रत्येक फाइलसाठी डिस्कचं डोकं जागा बदलतं, डिरेक्टरीची नोंद वाचतं, आणि वेग तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर येतो. 35 एमबी धरला तर 48 टीबी वाचायला जवळजवळ सोळा दिवस लागतात, तेही नॅस दुसरं काहीच करत नसेल तर. डिव्हाइसच्या मागे दहा गिगाबिटचे पोर्ट असले तरी त्याने काहीही फरक पडत नाही. विहिरीला पाझर जितका तितकंच पाणी निघतं, मोटार मोठी बसवली म्हणून वाढत नाही.

म्हणजे डिव्हाइसचे दोन आठवडे येण्याचे, दोन ते तीन कॉपीचे, आठवडा-दीड आठवडा परतीचा आणि उतरवण्याचा. चाळीस दिवस झाले. नेटवरून जाताना वाचायचे ते सोळा दिवस वेगळे मोजावे लागत नाहीत, कारण वाचणं आणि चढवणं एकाच वेळी चालतं.

म्हणून काहीही ठरवण्याआधी तुमच्या नॅसचा वाचण्याचा वेग मोजा. जुन्या एका महिन्याचं फोल्डर घ्या, ज्याला अलीकडे कुणी हात लावलेला नाही. नाहीतर मेमरीतून वाचलं जाईल आणि आकडा फसवा येईल.

```
tar cf - 2019/03 | pv > /dev/null
```

मधला `pv` आवर्जून ठेवा. बरेच जण घाईत `tar cf /dev/null 2019/03` असं लिहितात. लिनक्सवरचा `tar` समोर `/dev/null` आहे हे ओळखतो आणि फाइल्स वाचतच नाही, नुसती नावं बघून सुटतो. मग काही मिनिटांत शंभर जीबी झाल्यासारखे दिसतात आणि माणूस त्या आकड्यावर वेळापत्रक मांडतो. पाइपमधून गेलं की खरं वाचन होतं. तासभर चालू द्या, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. रात्रीचा सरासरी आकडा हा तुमचा पाझर.

लाइनचंही तसंच. स्पीडटेस्टचा आकडा कामाचा नाही, कारण त्याचा सर्व्हर बहुतेक वेळा तुमच्याच इंटरनेट कंपनीच्या जाळ्यात बसलेला असतो. क्लाउडवरच्या ज्या साठ्यात, म्हणजे बकेटमध्ये, डेटा जाणार आहे तिथेच एका रात्री शंभर जीबी चढवून बघा आणि सकाळी सरासरी काढा. मुंबई किंवा पुण्याचा रिजन घेतला असेल तर सांगली-मिरजेहून अंतराचा त्रास होत नाही. आठ-दहा फाइल्स एकाच वेळी चालू ठेवल्या की लाइन भरते.

आता सगळ्यात जास्त वेळ वाचवणारी गोष्ट. तुमच्या फाइल्स दाबलेल्या आहेत की नाहीत ते बघा. स्कॅन साठवणारी आणि दाखवणारी प्रणाली, म्हणजे पॅक्स, बसवताना बहुतेक ठिकाणी मशीनमधून येतं तसंच साठवायचं सेटिंग राहून जातं, म्हणजे कच्चे पिक्सेल. वेगवेगळ्या वर्षांतल्या आणि वेगवेगळ्या मशीनच्या काही फाइल्सवर हे चालवा:

```
dcmdump +P 0002,0010 IM0001.dcm
```

`LittleEndianExplicit` किंवा `LittleEndianImplicit` आलं तर डेटा कच्चा आहे. `JPEGLossless` किंवा `JPEG2000` असं काही आलं तर आधीच दाबलेला आहे आणि पुन्हा दाबून हाती काही लागणार नाही. कच्चा सीटी डेटा गुणवत्तेत कणभरही घट न होता साधारण निम्म्यावर येतो. 48 चे 26 टीबी झाले असं धरून पुढे जाऊ. तुमचा नेमका आकडा एका महिन्याचं फोल्डर दाबून काढा.

दाबताना बांधायचंही आहे. एका रुग्णाचा एक स्टडी म्हणजे एक गठ्ठा. क्लाउडवरून कधी काही परत मागवाल तेव्हा डॉक्टर पूर्ण स्टडी मागतील, एक स्लाइस कुणी मागत नाही, म्हणून गठ्ठ्याचं हेच माप योग्य.

```
tar cf - "$study" | zstd -T0 -3 > "/staging/$uid.tar.zst"
```

गठ्ठे न बांधता सुट्या फाइल्स चढवल्या तर वेळ जातोच, पैसेही जातात. क्लाउडमध्ये डेटा आत घ्यायला वाहतुकीचे पैसे लागत नाहीत, पण प्रत्येक फाइल ठेवण्याच्या विनंतीचे लागतात. अ‍ॅमेझॉनच्या एस3 स्टोरेजच्या सगळ्यात स्वस्त कप्प्यात, म्हणजे डीप आर्काइव्हमध्ये, दर हजार फाइल्सना पाच सेंटच्या आसपास दर आहे, रिजनप्रमाणे थोडा कमीजास्त. साडेनऊ कोटी सुट्या फाइल्सचे चार लाख रुपयांच्या पुढे होतात. शिवाय तिथे प्रत्येक फाइलमागे थोडी नोंदीची जागाही भाड्यात धरतात. चारशे एमबीचा एक स्टडी धरला तर तुमचे गठ्ठे सव्वा लाखाच्या आत राहतील आणि हाच खर्च फार तर काही हजारांवर येईल. डिव्हाइसवरून सुट्या फाइल्स गेल्या तरी शेवटी त्या तशाच सुट्या उतरवल्या जातात, म्हणून बांधणीचं काम डिव्हाइस घेतल्याने टळत नाही.

गठ्ठ्याच्या नावात रुग्णाचं नाव येऊ देऊ नका. तुमच्या नॅसवर ‘पाटील सुनीता सीटी ब्रेन’ अशी फोल्डरं असतील, मला खात्री आहे, सगळीकडेच असतात. नावासाठी स्टडीचा यूआयडी, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, वापरा आणि नाव, तारीख, यूआयडी यांची यादी वेगळ्या सीएसव्हीमध्ये तुमच्याकडे ठेवा, तिची दुसरी प्रत कुलूप लावून क्लाउडवर. फाइलची नावं लॉगमध्ये उमटतात, बिलाच्या तपशिलात येतात, सपोर्टवाल्याला पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये दिसतात. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याने ही माहिती जपण्याची जबाबदारी तुमच्या सेंटरवर टाकली आहे, क्लाउड कंपनीवर ढकलता येणार नाही.

आता लाइन किती घ्यायची ते आपोआप निघतं. नॅस सेकंदाला 35 एमबी कच्चा डेटा देतो, दाबल्यावर तो 19 एमबी होतो, म्हणजे साधारण 150 एमबीपीएस. 200 ची लाइन घेतली, रात्री त्यातले 170 वापरले, दिवसा 130 आणि उरलेले सेंटरच्या कामाला, की दिवसाला दीड टीबी जातं. लाइन आणि नॅस जवळजवळ बरोबरीने चालतात. कागदावर 26 टीबीला सतरा दिवस होतात. दिवसा नॅसवर डॉक्टरांचंही काम असतं, त्यामुळे तुमचे पंचवीस-तीस दिवस जातील. सेल्समन 500 एमबीपीएसचा प्लॅन दाखवेल. त्याने तुमचं काम एक दिवसही लवकर होणार नाही, कारण नॅस तेवढं देऊच शकत नाही. तात्पुरता वेग वाढवून देण्याची सोय लीज्ड लाइनवाले बहुतेक करतात, मात्र दोन महिन्यांनी पूर्वीच्या दरावर परत येण्याची अट आधीच लेखी घ्या.

नॅसशेजारी एक साधी लिनक्स मशीन आणि तिच्यात चार टीबीची एसएसडी लावा. एका महिन्याचे गठ्ठे तिच्यावर बांधायचे, चढवायचे, पडताळायचे, पुसायचे, पुढचा महिना घ्यायचा. चढवण्यासाठी आरक्लोन पुरेसं आहे:

```
rclone copy /staging s3:scan-archive --transfers 8 \
  --checksum --bwlimit "08:00,15M 22:00,off"
rclone check /staging s3:scan-archive --one-way
```

इथला `15M` म्हणजे सेकंदाला 15 मेगाबाइट, मेगाबिट नाही. हा गोंधळ नेहमी होतो आणि मग दुपारी बाराला रेडिओलॉजिस्टचा फोन येतो की स्कॅन उघडत नाहीत. लाइन वाढेपर्यंत, म्हणजे 100 वर असताना, तिथे `3.5M` लिहा. `off` म्हणजे रात्री मर्यादा नाही, पण रात्री इमर्जन्सीचे सीटी होत असतील आणि बाहेर जात असतील तर तिथेही `20M` सारखा आकडा घाला.

क्रम कसा लावायचा यावर तुमच्या डॉक्टरांशी बोला. माझं मत: सगळ्यात नवं आधी, मग मागे मागे जा. कारण इथे नेटचा एक मोठा गुण कामाला येतो. नेटवरून रोज जेवढं गेलं तेवढं त्या दिवशी सुरक्षित झालं. पंधराव्या दिवशी काही अघटित झालं तरी निम्मा डेटा, तोही जास्त लागणारा, क्लाउडवर आहे. डिव्हाइसचं तसं नसतं. शेवटच्या दिवशी ‘पूर्ण’ असा निरोप येईपर्यंत तुमचं काहीही सुरक्षित नाही, डेटा फक्त नॅसवर आणि गाडीत.

आपल्या भागात हा मुद्दा पुस्तकी नाही. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णेने 57 फूट ओलांडले, धोक्याची पातळी 45 आहे. त्या दिवसांत कोल्हापूरजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद होता. 2021 च्या जुलैमध्ये पुन्हा तेच. कुरिअर थांबलं की भरलेलं डिव्हाइस तुमच्याच तळमजल्यावर पडून राहणार, ज्या नॅसला वाचवायला ते मागवलं त्याच्याच शेजारी. म्हणून कृष्णाकाठच्या कुणी डिव्हाइस मागवायचंच ठरवलं तर मी एकच अट घालतो: ते मेअखेर इथून निघालं पाहिजे. एरवी दिवाळीनंतर.

मग डिव्हाइस कुणी मागवावं? याचं माप सोपं आहे. डिव्हाइसची फेरी धडपणे एक महिना ते चाळीस दिवसांची असते. तेवढ्या काळात तुमची लाइन, सेंटरचं काम सांभाळून, किती टीबी नेते ते काढा. डेटा त्याहून कमी असेल तर नेट. दीड-दोन पटीपेक्षा जास्त असेल आणि लाइन वाढवून मिळत नसेल तर डिव्हाइस. तुमच्या आजच्या लाइनवर हा आकडा साधारण वीस टीबी येतो, 200 केल्यावर पन्नास-साठ. दाबलेला डेटा 26. म्हणून मी नेट म्हणतो.

उलट उदाहरण देतो. सांगलीजवळच्या एका ड्रोन सर्वेक्षण करणाऱ्या मंडळींकडे 70 टीबी फोटो होते. जेपेग, म्हणजे आधीच दाबलेले, आणखी दाबून उपयोग नाही. लाइन 50 एमबीपीएस, आणि त्यांच्या जागी त्याहून मोठी मिळत नव्हती. पूर्ण भरून चालली असती तरी 130 दिवस. फोटो मात्र आठ-दहा एमबीचे, स्टोरेज दहा गिगाबिटचं, त्यामुळे वाचन सेकंदाला 250 एमबीने झालं आणि कॉपी चौथ्या दिवशी संपली. त्यांना डिव्हाइसच योग्य होतं. तुमच्यापेक्षा डेटा दीडपट, पण कॉपीचा वेळ चौथा हिस्सा. नुसते टीबी बघून ठरवू नका म्हणतो ते याचसाठी.

व्हेंडरने कोणतं डिव्हाइस सुचवलंय तेही विचारा. तो स्नोबॉल म्हणत असेल तर अ‍ॅमेझॉनने नोव्हेंबर 2025 पासून ते नव्या ग्राहकांना देणं थांबवलं आहे. लहान स्नोकोन 2024 मध्येच बंद झाला. 2016 मध्ये आणलेला स्नोमोबाइल, एका कंटेनर ट्रकमध्ये 100 पेटाबाइट नेणारा, तोही 2024 मध्ये गेला. मायक्रोसॉफ्टचा डेटा बॉक्स हा दुसरा पर्याय, त्याच्या मूळ मॉडेलमध्ये 80 टीबी वापरायला मिळतात. पाच एसएसडींचा लहान डेटा बॉक्स डिस्क येतो त्यात 35. अ‍ॅझ्यूरचा सेंट्रल इंडिया रिजन पुण्यात आहे. पण पोर्टलवर तुमच्या अकाउंटला आणि रिजनला डिव्हाइस खरोखर उपलब्ध दिसतंय का हे बघितल्याशिवाय वेळापत्रक मांडू नका.

एक मधला मार्ग आहे, लाइन वाढवून मिळालीच नाही तर. वीस-वीस टीबीच्या दोन डिस्क घ्या, पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करा, त्यावर बांधलेले गठ्ठे भरा आणि पुण्यातल्या एखाद्या कोलोकेशनवाल्याकडे, म्हणजे सर्व्हरसाठी जागा आणि नेट भाड्याने देणाऱ्याकडे, एक गिगाबिटचा पोर्ट आठवड्यासाठी भाड्याने घेऊन तिथून चढवा. 26 टीबी तिथून तीन-चार दिवसांत जातात. वाहतूक तुमच्या स्वतःच्या गाडीत, मूळ डेटा नॅसवर तसाच. डिव्हाइसच्या ऑर्डरची आणि उतरवण्याची वाट बघावी लागत नाही.

कोणताही मार्ग घ्या, एक तारीख गोठवा. समजा 31 मार्च. त्या दिवसापर्यंतची फोल्डरं नॅसवर फक्त वाचण्यापुरती करा. मी हे आग्रहाने सांगतो कारण पॅक्स जुन्या स्टडीतही लिहितो: कुणी रिपोर्ट दुरुस्त केला, वय बदललं, दोन नोंदी जोडल्या, की फाइल बदलते. बांधताना एक आणि पडताळताना दुसरी अशी स्थिती झाली की चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेली खूण, जुळत नाही आणि चूक लाइनची, डिस्कची की माणसाची हे शोधण्यात दिवस जातात. डिव्हाइसवर तर जास्तच, कारण ते परत गेल्यावर तुलना करायला हातात काही उरत नाही. 1 एप्रिलपासूनचा रोजचा 40 जीबी वेगळ्या कामात रोज रात्री जाऊ द्या, दाबून तो वीस-पंचवीसच होतो, तासाभराचंही काम नाही. हे रोजचं काम मुख्य स्थलांतराआधी सुरू करा. डिव्हाइसवाले लोक हे विसरतात, आणि डिव्हाइस जाऊन येईपर्यंत साठलेला सव्वा-दीड टीबी शेवटी नेटवरूनच चढवावा लागतो.

पडताळणीबद्दल दोन गोष्टी. गठ्ठा बांधला की लगेच त्याचा `sha256sum` यादीत लिहून ठेवा, क्लाउडने दाखवलेल्या ईटॅगवर विसंबू नका. मोठी फाइल तुकड्यांत चढते तेव्हा एस3चा ईटॅग हा पूर्ण फाइलचा एमडी5 नसतो, शेवटी `-24` असं काहीतरी दिसतं ते तुकड्यांची संख्या सांगतं. तो जुळत नाही म्हणून घाबरून लोक पुन्हा चढवतात, किंवा जुळत नाही तर असू दे म्हणून सोडून देतात. दोन्ही नको, `rclone check` आणि तुमची यादी पुरेशी आहे. डेटा बॉक्समध्ये पाठवण्याआधी ‘प्रिपेअर टू शिप’ चालवावं लागतं, ते फाइल्सची आणि चेकसमची यादी बनवतं. ती यादी डाउनलोड करूनच डिव्हाइस हातचं सोडायचं. आणि डेटा उतरल्यावर पोर्टलवर `Completed with errors` आलं तर ‘कम्प्लीटेड’ एवढंच वाचून निर्धास्त होऊ नका. कॉपी लॉग उघडा, राहिलेल्या फाइल्स तिथे नावानिशी असतात, बहुतेकदा नावातल्या चिन्हांमुळे किंवा लांबीमुळे अडलेल्या. त्यानंतर डिव्हाइस पुसलं जातं, मग मूळ प्रत फक्त तुमच्या नॅसवरच.

दुसरी गोष्ट, डीप आर्काइव्हमध्ये थेट चढवू नका. आधी साध्या कप्प्यात उतरवा. प्रत्येक वर्षातले काही स्टडी, सीटी आणि एमआरआय दोन्ही, खाली घ्या, उघडा, रेडिओलॉजिस्टला व्ह्यूअरमध्ये दाखवा. सगळे स्लाइस आहेत, मोजमापं बरोबर येतात, मागच्या स्टडीशी तुलना करता येते असं त्यांनी सांगितलं की मग लाइफसायकलचा नियम लावून खालच्या कप्प्यात ढकला. डीप आर्काइव्हमधून स्टडी परत मागवायला नेहमीच्या पद्धतीने बारा तासांपर्यंत लागतात, स्वस्त पद्धतीने 48 तासांपर्यंत. कॅन्सरच्या फॉलोअपच्या रुग्णाचा दोन वर्षांपूर्वीचा स्कॅन सकाळी ओपीडीत हवा असतो, त्याला हे चालणार नाही. म्हणून शेवटची तीन वर्षं वरच्या, लगेच मिळणाऱ्या कप्प्यातच राहू द्या. आणि खाली ढकललेलं 180 दिवसांच्या आत काढलं तरी पूर्ण 180 दिवसांचं भाडं लागतं, त्यामुळे कोणती वर्षं कुठे हे डॉक्टरांकडून लेखी घेऊनच नियम लावा.

या आठवड्यात एवढंच करा: नॅसचा रात्रीचा वाचण्याचा वेग, एक महिना दाबून येणारं माप, आणि बकेटमध्ये एका रात्रीत गेलेले जीबी. वेग 35 ऐवजी 15 एमबी आला तर आधी नॅसच तपासायला हवा, बहुधा एखादी डिस्क मरायला टेकलेली असते किंवा रेड रिबिल्ड चालू असतो, आणि अशा नॅसवरून महिनाभर सतत वाचायला लावणं धोक्याचं आहे. तसं निघालं तर चढवायला सुरुवात करण्याआधी ती डिस्क बदला.